दहाची गोळी, भलती वेळ: नाईटवाल्यांनी या चुका टाळा

दत्ता कल्पित आहे, पण चाकणकडून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनी बसमध्ये तो सापडेल. सीएनसी मशीनवर थर्ड शिफ्ट, रात्री अकरा ते सकाळी सात, आणि आठवडाभर नाईट केली की पाळी बदल. आठला घरी पोचायचा, चहा घेऊन मोबाईल बघत पडायचा. दहापर्यंत डोळा लागला नाही की मेलाटोनिनची ३ मिलिग्रॅमची गोळी घ्यायचा. बाराला जाग यायची. मग त्याने ५ची आणली, पुढे १०ची. फरक एवढाच पडला, की दुपारभर डोकं जड राहू लागलं आणि संध्याकाळी सातलाच पेंग येऊ लागली.

कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोस विचारलाच नाही. म्हणाले, "गोळी किती वाजता घेता?"

"झोप येईना की घेतो, साहेब."

"म्हणजे वेळ ठरलेली नाही."

मेलाटोनिनला झोपेची गोळी समजणं, इथेच बहुतेकांचं चुकतं. ते शरीराला 'रात्र झाली' एवढं सांगतं. तो निरोप शरीराचं घड्याळ ज्या वेळी ऐकतं, त्यावर घड्याळ पुढे सरकणार की मागे, हे ठरतं. ज्याचं घड्याळ अजून दिवसपाळीचंच आहे, त्याने सकाळी घेतलं तर झोपेची वेळ उशिराकडे सरकते. नाईटवाल्याला तेच हवं असतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास किंवा संध्याकाळी घेतलं तर उलटं होतं, झोप लवकर येऊ लागते.

मग डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. मेलाटोनिन साधारण तासाभरात रक्तात निम्मं होतं. दहाला १० मिलिग्रॅम घेतलं तर अकराला ५ उरतं, बाराला अडीच, एकला सव्वा, दोनला सहा दशांश आणि तीनला तीन दशांश. शोषण प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे हा ढोबळ हिशेब. पण ०.३ मिलिग्रॅम हा घड्याळाला हलवू शकणारा डोस आहे. म्हणजे सकाळच्या गोळीने झोप उशिराकडे ढकलली आणि तिच्याच उरलेल्या अंशाने दुपारी ती पुन्हा लवकरकडे ओढली. डोस वाढवून दत्ताने झोप वाढवली नव्हती, निरोपच गोंधळात टाकला होता.

मोठ्या डोसचा मोह आवरायला आणखी एक कारण आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात पाळीतल्या कामगारांची दिवसाची झोप मेलाटोनिनने सरासरी २४ मिनिटं वाढलेली दिसली, पण डोस वाढवला म्हणून फायदा वाढल्याचं दिसलं नाही. चोवीस मिनिटं ऐकून दत्ताचा चेहरा पडला. माझ्या मते हा आकडा गोळीच्या पाकिटावरच छापायला हवा.

दत्ताचं नवं वेळापत्रक असं ठरलं. सातला सुटल्यावर बसमध्ये गडद गॉगल, कारण सकाळचं ऊन घड्याळाला 'दिवस उजाडला' सांगून गोळीचं काम मोडतं. (बाईकवर, डोळे मिटत असताना, गॉगल नकोच. तिथे आधी घर गाठायचं.) आठला हलकं जेवण, साडेआठला १ मिलिग्रॅम, नऊला जाड पडदे ओढून अंथरुणात. मोबाईल बाहेर. चहाची शेवटची फेरी रात्री दोनच्या आत.

दुकानात १ची गोळी मिळाली नाही, तेव्हा दत्ता ३ची तोडू लागला. साधी गोळी तोडली तर चालते. 'सावकाश विरघळणारी' असं लिहिलेली मात्र तोडू नये, तिची रचनाच बिघडते.

एक चूक त्याने नंतरही केली. शिफ्टआधी दोन तास झोप काढावी म्हणून संध्याकाळी सातला गोळी घेतली. झोप लागली खरी, पण अकराला मशीनपाशी उभं राहून जॉब बसवताना डोळे मिटत होते. शिफ्टआधीची डुलकी गोळीशिवायच घ्यावी. गोळी घेतल्यावर पुढचे चार-पाच तास गाडी किंवा मशीन चालवू नये.

लक्षणावरून चूक ओळखता येते. उठल्यावर डोकं जड असेल तर डोस जास्त आहे किंवा वेळ उशिराची. झोप पटकन लागते पण दोन-तीन तासांत मोडते, तर गोळीकडे बघू नका, उजेड, आवाज आणि उन्हाचा उकाडा तपासा. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचं घड्याळ पूर्ण फिरत नाही. ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं, आणि फिरेफिरेपर्यंत पुढची पाळी येते. अशांनी गोळीकडून थोड्या जास्त झोपेचीच अपेक्षा ठेवावी. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी किंवा फ्लुवोक्सामिन ही नैराश्याची गोळी चालू असेल, तर मेलाटोनिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. फ्लुवोक्सामिनसोबत त्याची रक्तातली पातळी कितीतरी पट चढते, आणि मग वरचा सगळा हिशेब लागू पडत नाही.