विभागीय चौकशी : या चुका टाळा

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यावरील बहुतेक विभागीय चौकश्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे चालतात. प्रकरण बिघडते ते सुनावणीच्या दिवशी क्वचितच. बहुतेकदा ते त्याआधी, घाईत लिहिलेल्या एखाद्या कागदावर बिघडते. ते कसे घडते हे एका कल्पित लिपिकाच्या उदाहरणावरून पाहू.

लिपिकाने 4 तारखेला फीपोटी ₹23,600 स्वीकारले. चलन भरले 13 तारखेला. 5 ते 9 तारखेपर्यंत तो आदेशानुसार निवडणूक कामावर होता आणि 10 ला कार्यालयात हजर झाला. पैसे दुहेरी कुलपाच्या तिजोरीत होते, दुसरी किल्ली अधिकाऱ्याकडे. नोटिशीत आरोप असा : "शासकीय रक्कम नऊ दिवस स्वतःकडे ठेवून तात्पुरता अपहार केला."

पहिली चूक : माफीनामा लिहून मोकळे होणे

कारणे दाखवा नोटीस आली की सहकारी सल्ला देतात, "दोन ओळी लिहून दे, साहेब मिटवतील." मग उत्तर जाते : "माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, दया व्हावी." साहेब बदलून जातात, कागद फाईलमध्ये राहतो. पुढे दोषारोपपत्र निघाले की हाच कागद कबुली म्हणून पुराव्याच्या यादीत येतो, आणि त्यात कबूल झालेली गोष्ट उशीर आहे की अपहार, हे वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो.

उत्तरात तारखा लिहा. 4 ला रक्कम रोखवहीत घेतली. 5 ते 9 निवडणूक काम, आदेशाची प्रत सोबत. रक्कम दुहेरी कुलपात होती. 10 ते 12 या तीन दिवसांचा उशीर झाला, त्याचे कारण अमुक. म्हणजे तीन दिवसांचा उशीर मान्य, अपहार स्पष्टपणे नाकारलेला. जो भाग खरा आहे तो नाकारू नका. सगळेच नाकारणाऱ्याचा खरा खुलासाही कोणी मानत नाही.

ज्ञापनात कोणता नियम लिहिला आहे तेही पाहा. नियम 8 असेल तर मोठ्या शिक्षेसाठीची पूर्ण चौकशी होते. नियम 10 असेल तर प्रकरण ठपका, वेतनवाढ रोखणे अशा किरकोळ शिक्षेचे असते. तिथे साक्षीपुरावे होतीलच असे नाही, तुमचे लेखी निवेदन हाच जवळजवळ सगळा बचाव असतो. ते एका पानात उरकू नका.

निलंबनात गप्प बसणे

निलंबन ही शिक्षा नाही, म्हणून त्या आदेशाविरुद्ध भांडण्यात पहिले महिने घालवण्यापेक्षा तीन गोष्टी सांभाळा. आदेशात ठरवलेले मुख्यालय लेखी परवानगीशिवाय सोडू नका. ते सोडले की दुसरा, सिद्ध करायला अगदी सोपा आरोप तयार होतो. दुसरे, इतरत्र नोकरी-व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र दर महिन्याला द्या. ते नसल्यामुळे निर्वाह भत्ता अडकतो आणि दोष कार्यालयाला दिला जातो.

तिसरे, तीन महिन्यांची तारीख वहीत लिहून ठेवा. सुरुवातीचा निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका, म्हणजे साधारण अर्ध्या पगाराएवढा असतो. तीन महिन्यांनंतर, विलंब तुमच्यामुळे नसेल, तर तो वेतनाच्या 75 टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. अर्ज करा, आपोआप होईल म्हणून थांबू नका. तुम्हीच तारखा मागून चौकशी लांबवली असेल तर भत्ता कमीही होऊ शकतो.

90 दिवसांत दोषारोपपत्र दिले गेले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या अजयकुमार चौधरी निकालानंतर राज्य शासनाने 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने तसे निर्देश दिले आहेत. त्यांचा हवाला देऊन लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.

कागद न मागता उत्तर देणे

दोषारोपपत्रासोबत चार जोडपत्रे असतात : दोषारोप, त्यांचे विवरण, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. बरेच जण पहिलेच वाचतात. खरे काम तिसऱ्या आणि चौथ्यात आहे. यादीतील मूळ कागदांची पाहणी मागा. आपल्या बचावाचा कागद यादीत नसेल तर तोही मागा, पण "सर्व संबंधित कागद द्यावेत" असे लिहू नका. अशी मागणी सहज फेटाळली जाते. प्रत्येक कागदापुढे तो कशासाठी हवा ते एका वाक्यात लिहा : "रोखवही, 4 ते 13 तारीख : रोजची शिल्लक व अधिकाऱ्याची सही दाखवण्यासाठी." "किल्ल्यांची नोंदवही : दुसरी किल्ली माझ्याकडे नव्हती हे दाखवण्यासाठी." असा कागद नाकारायचा तर चौकशी अधिकाऱ्याला कारण नोंदवावे लागते, आणि ते कारण पुढे अपिलात उपयोगी पडते.

रागावून गैरहजर राहणे

"सगळे आधीच ठरले आहे" म्हणून चौकशीला न जाणे ही सर्वांत महाग चूक. चौकशी एकतर्फी चालते आणि साक्षीदाराला कोणी प्रश्नच विचारत नाही. एकतर्फी चौकशीतही आरोप पुराव्याने सिद्ध करावा लागतो, नुसते कागद फाईलला लावून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सरोजकुमार सिन्हा प्रकरणात 2010 मध्ये सांगितले आहे. पण त्याचा फायदा कित्येक वर्षांनी मिळतो, तोवर नोकरी गेलेली असते.

बचाव सहायक म्हणून दुसरा शासकीय कर्मचारी घेता येतो. वकील मात्र शासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी विधिज्ञ असेल किंवा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने परवानगी दिली तरच.

उलटतपासात "का" विचारणे

आपल्या लिपिकापुढे अधीक्षक साक्षीला बसले आहेत. विचारायचे एवढेच :

"4 तारखेच्या रोखवहीवर सही आपली आहे?"
"हो."
"सहीसमोर शिल्लक ₹23,600 आहे?"
"हो."
"तिजोरीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती?"
"नाही, अधिकाऱ्यांकडे असते."

इथे थांबायचे. नवखा माणूस पुढे विचारतो, "मग तुम्ही मला आधी का नाही विचारलंत?" उत्तर येते, "दोनदा विचारलं, टाळाटाळ केली." आता ही गोष्ट तुमच्याच प्रश्नामुळे नोंदीत आली. ज्याचे उत्तर कागदावर आधीच आहे, तेच विचारा. जबाब पूर्ण वाचून, चुकीचे शब्द तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतल्याशिवाय सही करू नका.

अहवालावर दोन ओळी

चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याला देऊन त्याचे म्हणणे घेतल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. 1993 च्या करुणाकर निकालापासून हे पक्के आहे. तरीही अनेकजण "पूर्वीचेच निवेदन मानावे" असे लिहून पाठवतात. पूर्वीच्या निवेदनाच्या वेळी साक्षी झालेल्याच नव्हत्या. इथे निष्कर्ष आणि जबाब समोरासमोर ठेवा : अहवाल म्हणतो रक्कम लिपिकाच्या एकट्याच्या ताब्यात होती, अधीक्षकांचा जबाब म्हणतो दुसरी किल्ली अधिकाऱ्यांकडे. जबाबाचे पान लिहा. अपहाराचा निष्कर्ष पुराव्याविरुद्ध आहे, उरतो तो तीन दिवसांचा उशीर, आणि त्याला किरकोळ शिक्षा पुरेशी आहे, हे स्वतंत्र परिच्छेदात मांडा.

अहवाल तुमच्या बाजूचा असला तरी निर्धास्त राहू नका. प्राधिकारी त्याच्याशी असहमत होऊ शकतो, मात्र त्याआधी त्याने आपली तात्पुरती कारणे कळवून तुमचे म्हणणे मागवले पाहिजे. ती कारणे न कळवता थेट शिक्षेचा आदेश आला, तर अपिलात हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्या. अपिलाची मुदत 45 दिवसांची आहे. ती आदेशाची प्रत मिळाल्यापासून मोजतात, म्हणून प्रत घेताना सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घाला.