बेळगावकडे जमीन घेताना ईसी कशी वाचायची

जमीन विकणारा फॉर्म १६ पुढे करून म्हणतो, ‘बोजा काही नाही, बघून घ्या.’ कर्नाटकात ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, दोन प्रकारे मिळतो. नोंदणीकृत व्यवहार सापडले तर त्यांची यादी फॉर्म १५ वर येते, काहीच सापडलं नाही तर फॉर्म १६. पण शोध फक्त दिलेल्या सर्व्हे नंबरचा आणि दिलेल्या मुदतीचा होतो. म्हणून आधी हे दोन तपासा, कोरा कागद बघून खूश होणं नंतर.

समजा, सुनील सर्व्हे नंबर ४५/२ विकतोय आणि त्याची ईसी २०१० पासूनची, कोरी आहे. उताऱ्यावरून आणि फेरफारावरून कळतं की ४५ ची पोडी, म्हणजे जमिनीची फोड, होऊन ४५/२ हा नंबर २०१० मध्येच पडला. त्याआधीचं सगळं ४५ खाली असणार. तेव्हा जुन्या नंबरवर वेगळी ईसी मागा. एकूण तीस वर्षं मागे जा, कारण गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदतच ३० वर्षं आहे. अलीकडच्या नोंदी कर्नाटक नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतात, जुन्यांसाठी सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करावा लागतो.

आता ४५ ची ईसी आली, फॉर्म १५. ती सर्वांत जुन्या नोंदीपासून वाचा आणि प्रत्येक ओळीत लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, एवढंच आधी बघा. १९९८: खरेदीखत, लिहून घेणार गोविंद. २००७: गहाणखत, लिहून देणार गोविंद, लिहून घेणार बँक. पुढे काही नाही.

इथे दोन गोष्टी खटकायला हव्यात. गहाण आहे, पण ते सोडवल्याचं खत नाही. ‘कर्ज फिटलं, बँकेचं पत्र आहे’ असं सुनील म्हणेल. पत्रावर थांबू नका. गहाणमुक्तीचं खत नोंदवून घ्यायला सांगा आणि ते नव्या ईसीत दिसू द्या.

दुसरं, गोविंदकडून सुनीलकडे जमीन आली कशी? वडील वारले आणि वारसाने आली असेल, तर खतच होत नाही, म्हणून ईसीत काही दिसत नाही. तिथे वारसाचा फेरफार बघा. त्यात बहिणींची नावं आहेत का, नसतील तर का नाहीत, हे वकिलाला विचारा. माझ्या मते ईसीपेक्षा जास्त भांडणं इथेच निघतात.

कोर्टातला दावा, नोंद न केलेलं साठेखत, तोंडी वाटणी, मृत्युपत्र यांतलं काहीही ईसीवर शोधू नका. शेतीवरचं पीककर्ज उताऱ्याच्या बोजाच्या रकान्यात बघायचं.

आणि विसाराच्या वेळची ईसी खरेदीच्या दिवशी शिळी झालेली असते. मधल्या काळात दुसऱ्याला साठेखत नोंदवून दिलेलं असू शकतं. उरलेली रक्कम हातात देण्याआधी, त्या तारखेपर्यंतची ताजी ईसी काढा.