मास्टर बजेट करताय? या चुका टाळा

विक्रीचं बजेट मार्केटिंगने केलं, उत्पादनाचं प्लँटने, रोकडीचं अकाउंट्सने. मग तिन्ही पानं एका फाइलीत लावली आणि वर ‘मास्टर बजेट’ लिहिलं. लहान कारखान्यांत दर फेब्रुवारी-मार्चला मला हेच बघायला मिळतं, आणि दरवेळी चीड येते. विक्रीचा एक आकडा बदलला की रोकडीचा आकडा आपोआप हलला पाहिजे. तो हलत नसेल तर ते मास्टर बजेट नव्हे, तीन सुटे कागद आहेत.

एमआयडीसीतल्या एका कूलर बनवणाऱ्या युनिटचं उदाहरण घेतो. हिशोब समजावा म्हणून आकडे सोपे केले आहेत. विक्रीचा अंदाज असा: जानेवारी २००, फेब्रुवारी ५००, मार्च १०००, एप्रिल १२००, मे ६०० नग. विक्री किंमत ५००० रुपये. नगामागे कच्चा माल ३००० आणि मजुरी वगैरे ८०० रुपये. डीलर दोन महिन्यांनी पैसे देतात, कच्च्या मालाचे पैसे आपण महिनाभराने देतो.

विक्रीचा आकडाच उत्पादनात उतरवणे

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. मार्चला १००० विकायचे म्हणून मार्चला १००० बनवायचे, असं लिहून मोकळे होतात. मग १ एप्रिलला डीलरचा टेम्पो दारात उभा राहतो तेव्हा गोदामात द्यायला काय असणार? विक्रीत महिनाअखेरचा हवा असलेला साठा मिळवायचा आणि सुरुवातीचा साठा वजा करायचा, म्हणजे उत्पादन निघतं. या युनिटने पुढच्या महिन्याच्या विक्रीच्या निम्मा साठा ठेवायचं ठरवलं होतं. त्यामुळे मार्चचं उत्पादन १००० अधिक ६०० उणे ५००, म्हणजे ११०० नग. एप्रिलचं १२०० अधिक ३०० उणे ६००, म्हणजे ९००.

विक्री एप्रिलमध्ये सर्वांत जास्त, पण कारखान्यावरचा ताण मार्चमध्ये. कंत्राटी कामगार कधी घ्यायचे, मोटर आणि पंपांची ऑर्डर कधी टाकायची, हे या एका वजाबाकीवर ठरतं. कच्च्या मालाच्या खरेदीलाही हाच हिशोब पुन्हा लावायचा, फक्त आधार उत्पादनाचा घ्यायचा, विक्रीचा नाही.

नफ्याला रोकड समजणे

या युनिटच्या मालकांनी मार्चचा अंदाज पाहिला: विक्री ५० लाख, नगामागचा खर्च ३८ लाख, स्थिर खर्च ३ लाख, नफा ९ लाख. “एवढा नफा असताना बँकेकडे कशाला जायचं?” असं म्हणून त्यांनी सीसी लिमिट वाढवायचा अर्ज बाजूला ठेवला. रोकडीचं वेगळं पान कुणी केलंच नव्हतं.

ते केलं असतं तर असं दिसलं असतं. मार्चमध्ये हातात येतात जानेवारीच्या २०० कूलरचे १० लाख. जातात मात्र फेब्रुवारीत बनवलेल्या ७५० कूलरच्या मालाचे साडेबावीस लाख, मार्चच्या ११०० नगांची मजुरी ८.८ लाख आणि स्थिर खर्चाचे अडीच लाख. (तीन लाखांतले ५० हजार घसाऱ्याचे, ते रोकडीत धरायचे नसतात.) एकूण ३३.८ लाख. म्हणजे नऊ लाख नफ्याच्या महिन्यात २३.८ लाखांची तूट. फेब्रुवारीची तूट १४ लाख, एप्रिलची १७.७ लाख. तीन महिन्यांची मिळून ५५.५ लाख, आणि लिमिट होतं ४० लाखांचं.

त्यात मार्केटिंगने फेब्रुवारीत एप्रिलचा अंदाज १२०० वरून १६०० केला. सगळे खूश. पण वाढीव ४०० कूलरचे २० लाख येणार जूनमध्ये, आणि ते बनवायचा खर्च मार्चपासूनच सुरू. एप्रिलअखेर तूट आणखी ९.२ लाखांनी वाढून ६४.७ लाखांवर गेली. ऐन हंगामात पत्र्याच्या पुरवठादाराचा चेक परत गेला, त्याने पुढचा माल रोखला, आणि वाढवलेली विक्री हातची गेली. मागणी होती, ऑर्डर होत्या. चुकला होता फक्त दुवा.

अशा वेळी ‘पुरवठादारांना थांबवू’ हा उपाय हमखास सुचवला जातो. मला तो अजिबात पटत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं देणं करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. मुदत उलटून ते ३१ मार्चला बाकी राहिलं, तर प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. माझी पद्धत वेगळी: जानेवारीतच डीलरकडून बुकिंगची आगाऊ रक्कम घ्यायची, त्यासाठी थोडी सूट द्यावी लागली तरी चालेल, आणि हे रोकडीचं पान घेऊनच बँकेत जायचं.

आकडे टाइप करणे

घाईतली मंडळी उत्पादनाच्या रकान्यात थेट ११०० टाइप करतात. मग विक्री बदलली तरी तो ११०० तसाच बसून राहतो. गृहीतकं वर एका जागी ठेवा, बाकी सगळी सूत्रं. माझ्या शीटमध्ये चौथ्या ओळीत विक्री, पाचव्यात अखेरचा साठा, सहाव्यात उत्पादन आणि दहाव्यात डीलरची वसुली असते. `B1` मध्ये साठ्याचं प्रमाण, `B2` मध्ये किंमत:

```
C5:  =D4*$B$1
C6:  =C4+C5-B5
E10: =C4*$B$2
```

झाल्यावर एप्रिलची विक्री शंभरने वाढवून बघा. मार्चचं उत्पादन पन्नासने वाढलं पाहिजे आणि जूनची वसुली ५ लाखांनी. नाही वाढली, तर साखळी कुठेतरी तुटली आहे.

दुसरी तपासणी अंदाजित ताळेबंदाची. एप्रिलअखेर डीलरकडून येणं हे मूळ अंदाजानुसार मार्च आणि एप्रिलच्या विक्रीइतकंच, म्हणजे ११० लाख हवं. मालाचं देणं एप्रिलच्या ९०० नगांचं, २७ लाख. ताळेबंद जुळत नाही म्हणून फरक ‘सस्पेन्स’मध्ये टाकणारे लोक मला भेटतात. बजेटमध्ये सस्पेन्स खातं असूच शकत नाही. तो फरक म्हणजे न सापडलेली चूक.

जीएसटी विसरणे

वरच्या हिशोबात तो सोपेपणासाठी धरलेला नाही, तुम्ही मात्र धरा. मार्चच्या विक्रीवरचा कर, खरेदीवरचं क्रेडिट वजा करून, साधारणपणे २० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. डीलरचे पैसे येतात मेमध्ये.

वर्षाचे आकडे बाराने भागणे

कूलरच्या धंद्यात तरी कृपया नको.

मूळ बजेटशीच तुलना करणे

बजेट करून झालं की नियंत्रणाचा भाग इथे फसतो. समजा मार्चला ११०० ऐवजी ९०० च कूलर बनले आणि माल लागला २८.३५ लाखांचा. बजेट ३३ लाखांचं, म्हणून अहवालात ‘४.६५ लाखांची बचत’ छापून येते आणि खरेदी विभागाचं कौतुक होतं. पण ९०० नगांना २७ लाखच लागायला हवे होते. म्हणजे १.३५ लाख जास्त गेले. भाव वाढला की पत्रा वाया गेला, ते वेगळं काढा: पहिल्याचा जाब खरेदीला, दुसऱ्याचा शॉप फ्लोअरला.

मी प्रत्यक्ष उत्पादनावर बजेट पुन्हा मांडल्याशिवाय फरकाचा रकाना भरूच देत नाही. आणि हे काम महिना संपल्यावर आठवड्याच्या आत झालं पाहिजे, कारण मार्चचा वाया गेलेला पत्रा जूनमध्ये कळला तर तोवर हंगामाचे सगळे कूलर त्याच कटिंगने बनून गेलेले असतात.