लग्नाच्या बिर्याणीचा अंदाज: या चुका टाळा

गेल्या सीझनला तीन पोरांचे फोन आले, तिघंही नवीन ऑर्डरी घेणारे, आणि तिघांचा प्रश्न एकच. "दादा, पाचशे माणसं हायत, तांदूळ किती टाकू?" मी विचारलं, कोण माणसं? तर तिघंही गप्प. एकानं तर सांगितलं की मोबाईलवर बघितलंय, एक किलोत दहा माणसं होतात, म्हणजे पन्नास किलो. आरं बाबा, मग मला फोन कशाला केलास?

मी सांगली-मिरज भागात लग्नाच्या ऑर्डरी घेतो. आमच्याकडं अक्षतांच्या दिवशी बऱ्याच घरात जेवण शाकाहारीच असतं, बिर्याणी होते ती वलीम्याला, रिसेप्शनला नाहीतर देवाचं सगळं उरकल्यावर. पाहुणे मात्र सगळ्या तऱ्हेचे. तालमीतली पोरं, शेतात राबणारी माणसं, पुण्यात कंपनीत काम करणारी भावकी, दात नसलेल्या आज्ज्या, आणि दोन घास खाऊन खुर्च्यांमधनं पळणारी बारकी पोरं. या सगळ्यांना एकच आकडा लावायचा, इथंच पहिली चूक होते.

डोकी मोजता, पोटं मोजत नाही

मी यजमानाला समोर बसवतो, एक वही घेतो आणि यादीतली माणसं चार ढिगात टाकायला लावतो. दणकून खाणारे, साधे खाणारे, कमी खाणारे, दहा वर्षांखालची पोरं. शाकाहारी पाचवे, ते या हिशोबातनं बाहेर. आणि बायका कमी खातात असं धरून त्यांना डोळे झाकून तिसऱ्या ढिगात टाकू नका, भांगलणीवरनं आलेली बाई एखाद्या कॉलेजच्या पोरापेक्षा जास्त खाते, मी बघितलंय.

माझे आकडे चिकन बिर्याणीचे आहेत, बिर्याणी हेच मुख्य जेवण असेल तर. दणकून खाणाऱ्याला कच्चा तांदूळ १५० ग्रॅम आणि साफ केलेलं हाडासकट चिकन २२० ग्रॅम. साध्याला ११० आणि १६०. कमी खाणाऱ्याला ७० आणि ११०. पोराला ५० आणि ७०. बास, एवढंच पाठ आहे माझं, बाकी सगळं वहीत.

आता पाचशेची यादी बघा. दणकून खाणारे १२०, साधे २००, कमी खाणारे ६०, पोरं ७०, शाकाहारी ५०. तांदूळ येतो ४८ किलोच्या आसपास आणि चिकन ७० किलो. तुम्ही म्हणाल, मोबाईलवरचा पन्नास किलोचा आकडा बरोबरच निघाला की! निघाला, कारण ही यादी तशी होती. आता दुसरी यादी धरा, माणसं तेवढीच पाचशे, पण नवरदेव तालमीतला आणि गाव उसाचं. दणकून खाणारे २५०, साधे १३०, कमी खाणारे ३०, पोरं ५०, शाकाहारी ४०. तांदूळ जातो ५६ किलोच्या वर आणि चिकन ८२-८३ किलो. म्हणजे जवळजवळ एक अख्खी देग जास्त, आणि कार्डावर दोन्हीकडं आकडा पाचशेच.

चिकन किलोत मोजता, खाणारा पीस मोजतो

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलीय.

तासगावकडच्या एका गावात रिसेप्शन होतं, चारशे माणसांचं. ४० किलो तांदूळ, ५० किलो साफ केलेलं चिकन, वजनाच्या हिशोबानं ठीकच होतं, फार ढिलं नाही आणि फार ताणलेलंही नाही. मी गडबडीत कटिंगवाल्याला काहीच सांगितलं नाही, त्यानं सव्वा किलोच्या आतबाहेरच्या कोंबडीचे बारा-बारा तुकडे केले. शंभर ग्रॅमचा एक पीस, दिसायला एकदम भारी. पन्नास किलोत पीस झाले पाचशे.

संध्याकाळी साडेसातला जेवण सुरू झालं आणि पहिल्यांदा बसली ती तालमीची शंभरेक पोरं. वाढपी गावातलेच, त्यांचेच दोस्त, प्रत्येकाच्या ताटात तीन-तीन पीस. तिथंच तीनशे गेले. उरले दोनशे आणि शाकाहारी सोडून खाणारी माणसं अजून पावणेतीनशे! मला हे कळायला पाहिजे होतं, पण मी मागं भट्टीजवळ देगेकडं बघत होतो, देगेत भात दिसत होता म्हणून मी निवांत.

साडेनऊला नवरीकडची बस आली. पन्नासेक माणसं, दमलेली, भुकेली. ताटं वाढली आणि दोन मिनिटात नवरीचे मामा ताट घेऊनच मागं आले. भातात बोट घालून दाखवलं आणि म्हणाले, "आवो, पीस कुठायत? नुसता भात खायाला आलोय काय आम्ही?" मला उत्तर नव्हतं. शेवटी गावातल्या दुकानातनं अंड्याचे चार ट्रे आणले, उकडले, तळले, उरलेल्या मसाल्यात घोळवले आणि वाढले. लोकांनी खाल्लं, पण यजमानानं हिशोबाच्या वेळी जे तोंड केलं ते अजून आठवतंय. आणि देगेत आठ किलो तांदळाचा भात उरला होता.

तेव्हापासनं मी कटिंगवाल्याला आधी पीस सांगतो आणि मग किलो. १.२ किलोची साफ कोंबडी, सोळा पीस. पीस पडतो ७५ ग्रॅमच्या आसपास. वरच्या पहिल्या यादीत ७० किलोचे ९३० च्या आसपास पीस होतात. दणकून खाणाऱ्याला तीन, साध्याला दोन, कमी खाणाऱ्याला आणि पोराला एक असं धरलं तर लागतात ८९०. चाळीसेक हाताशी राहतात, ते यजमानाच्या घरच्या माणसांना, कारण ती नेहमी शेवटी जेवतात. सोळापेक्षा बारीक मात्र करू नका, दमावर पीस फुटतात, हाड वेगळं होतं आणि मग ताटात पीस असूनही लोक पीस नाही म्हणतात.

दुसरं, देग वरनं उकरायची नाही. चिकन खाली असतं आणि भात वर, त्यामुळं वाढपी पहिल्यांदा वरचा वरचा भात देतो, लोक ओरडले की तळातनं पीस ओढून काढतो, आणि मधल्या माणसांना काय मिळतं देवाला माहीत. एका बाजूनं ताटलीनं उभं तळापर्यंत कापत जायचं, म्हणजे प्रत्येक वाढपात भात, मसाला आणि पीस बरोबरीनं येतात. हे काम मी दोस्तमंडळींना देत नाही. देगेवर माझा माणूस, ते फक्त ताटं पोचवतात.

जिवंत वजन आणि साफ वजन

यजमान म्हणतो, "चिकनचं तुम्ही बघू नका, आमच्या पाहुण्यांची पोल्ट्री हाय." मग ७० किलो सांगितलेलं असतं आणि तो ७० किलो जिवंत कोंबड्या तोलून आणतो. कातडं, पिसं, आतडी, मुंडी, पाय गेल्यावर हातात येतं ४५ ते ४९ किलो. लग्नाच्या दिवशी सकाळी सातला हे कळलं की पुढचा दिवस कसा जातो ते विचारू नका. मी आता कागदावर लिहून देतो, "साफ, बिनकातड्याचं, ७० किलो", आणि माल आल्यावर माझ्याच काट्यावर घालतो. जिवंत घ्यायचंच असेल तर दीडपट घ्या. पाहुण्याचा राग आला तर आला.

मटणाला हिशोब वेगळा. हाड जास्त, शिजून आकसतंही जास्त, म्हणून साध्या माणसाला २०० ग्रॅम आणि दणकून खाणाऱ्याला २५० च्या खाली मी जात नाही. बजेट कमी आहे म्हणून मटण कमी टाका म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, मग चिकन करा.

बारक्या बारक्या चुका

वार बघत नाहीत. रिसेप्शन गुरुवारी किंवा सोमवारी ठेवलं तर नेहमी मटण खाणारी माणसंही त्या दिवशी व्हेज मागतात, संकष्टी आली तर अजून वेगळं. तिथं शाकाहारी ढीग ५० चा १५० होतो, तारीख ऐकल्यावर मी पहिल्यांदा कॅलेंडर काढतो.

आधी चिकन ६५ आणि तंदुरी ठेवली असेल तर तांदूळ दहाएक टक्के कमी करा. तांबडा-पांढरा ठेवला असेल तर उलटं, रश्श्याबरोबर भात जास्त ओढला जातो.

नवा तांदूळ जुन्याएवढा फुलत नाही, त्यामुळं किलो तेवढेच दिसतात पण ताटं कमी भरतात.

पायलीचा हिशोब सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना नमस्कार करा आणि वजन काट्यावरच करा, पायली माप आहे, वजन नाही.

राखीव शिजवून ठेवता, ती चूक

कमी पडेल या भीतीनं नवीन पोरं एक देग जादा शिजवूनच ठेवतात. ती उरते, यजमान डब्यात भरून भरून शेजारीपाजारी वाटतो, उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहते आणि सकाळी कोणाचंतरी पोट बिघडलं की नाव तुमचं. माझं राखीव कच्चं असतं. ५ किलो तांदूळ कोरडा पोत्यात, ७-८ किलो चिकन मसाला लावून बर्फाच्या पेटीत, आणि एक रिकामी देग. नाही लागलं तर चिकन यजमानाच्या फ्रिजमध्ये जातं, तांदूळ परत पोत्यात.

आता हे कधी चढवायचं, तर शेवटची देग उघडल्यावर नाही. तांदूळ भिजवण्यापासून दम सुटेपर्यंत दीड तास तरी जातो. पहिल्या यादीच्या हिशोबानं दहा किलोच्या एका देगेत नव्वद-पंच्याण्णव ताटं व्हायला पाहिजेत. मी ताटं पन्नास-पन्नासच्या थप्प्या लावून ठेवतो, पहिली देग संपली की थप्प्या मोजतो. नव्वद ताटं गेली असतील तर खुर्ची घेऊन बसतो. सत्तरलाच देग संपली असेल तर पहिली बसलेली माणसं कोण होती ते बघतो. तालमीची पोरं पहिल्यांदा उरकली असतील आणि आता बायका-पोरं बसणार असतील तर थोडं थांबतो, कारण पुढं ते भरून निघतं. पण पहिल्या पंगतीत सगळे मिसळून बसले होते आणि तरी सत्तरलाच संपली, तर कोणाला न विचारता तांदूळ पाण्यात टाकतो. यजमानाला विचारायला गेलं की तो म्हणतो "बघू की, अजून हाय की", आणि त्या बघण्यात अर्धा तास जातो.