तीर्थयात्रेच्या पीपीटीत होणाऱ्या या चुका टाळा

घरातून तीर्थयात्रा ठरली की आता एखादा भाचा नाहीतर सून पीपीटी बनवायला बसते. पहिल्या पानावर देवाचा फोटो, मग दिवसवार कार्यक्रम, तिकिटं, लॉज, शेवटी फोन नंबर. लॅपटॉपवर ती झकास दिसते. पण ती उघडली जाते रात्री साडेदहाला ठाणे स्टेशनवर, एका हातात बॅग धरलेल्या काकांच्या मोबाईलवर. बहुतेक चुका या दोन प्रसंगांतल्या फरकामुळे होतात. ठाण्याहून अक्कलकोट-तुळजापूरचं उदाहरण घेऊन त्या पाहू. शुक्रवारी रात्री ठाण्याहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस, शनिवारी सकाळी सोलापूर, रविवारी रात्री तिथून परतीची गाडी. माणसं नऊ: आजोबा 72, आजी 68, आत्या 58, दोन जोडपी, एक मुलगा 9 वर्षांचा आणि एक मुलगी 4 वर्षांची.

पानाचा आकार

पॉवरपॉइंटचं नेहमीचं पान 33.87 सेंटिमीटर रुंद असतं आणि मोबाईल उभा धरला तर पडदा साधारण 7 सेंटिमीटर. म्हणजे सगळं पाचपट लहान होतं. लॅपटॉपवर 18 पॉइंटमध्ये ठसठशीत दिसणारा लॉजचा पत्ता मोबाईलवर साडेतीन पॉइंटचा उरतो. दोन बोटांनी मोठा करून वाचता येतो, पण मग ओळीचं एक टोक पडद्याबाहेर जातं आणि ‘रूम 3’ शनिवारच्या की रविवारच्या, हे कळत नाही.

म्हणून पान सुरुवातीलाच उभं घ्या. पॉवरपॉइंटमध्ये `Design > Slide Size > Custom Slide Size`, गूगल स्लाइड्समध्ये `File > Page setup > Custom`. रुंदी 9 इंच, उंची 16 इंच. या पानावर 36 पॉइंटचा मजकूर मोबाईलवर साधारण 11 पॉइंटचा दिसतो, म्हणजे आजोबांना चष्मा लावून वाचता येतो. 36 पॉइंटमध्ये मावत नसेल तर अक्षर लहान करू नका, दुसरं पान घ्या. सगळं लिहून झाल्यावर आकार बदलायला गेलात तर चौकटी एकमेकींवर चढतात आणि सगळं पुन्हा मांडावं लागतं.

ग्रुपवर पीपीटीएक्स फाइल टाकू नका, पीडीएफ टाका. दुसऱ्याच्या फोनमध्ये तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर ओळी खाली घसरतात, जोडाक्षरंही फुटू शकतात. शिवाय कुणाचं तरी बोट लागून गाडीची वेळ बदलली जाते ती वेगळीच.

एका तिकिटावर सगळे

तिकिटाच्या पानावर एकच पीएनआर आणि ‘सर्व 9 जण’ असं लिहिलेलं दिसलं तर ते पान तिकिटं काढण्याआधीच बनवलंय हे ओळखावं. एका पीएनआरवर जास्तीत जास्त 6 प्रवासी बसतात. त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे आजी-आजोबांना बाकीच्यांच्या तिकिटात घालणं. आयआरसीटीसीवर `LOWER BERTH/SR.CITIZEN` असा वेगळा कोटा आहे. त्यात 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या स्त्रिया बसतात, पण एका तिकिटावर दोघांपर्यंतच. त्याच तिकिटात तरुण माणूस घातला की हा कोटा लागू होत नाही. मग खालची बर्थ रिकामी असेल तर मिळेल, नाहीतर आजोबांना मधली.

आपल्या उदाहरणात आजी-आजोबांचं तिकीट या कोट्यातून वेगळं. आत्या, दोन जोडपी आणि 9 वर्षांचा मुलगा असे सहा जण दुसऱ्या तिकिटावर. 4 वर्षांच्या मुलीला वेगळी बर्थ नको असेल तर तिला तिकीट लागत नाही. बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं आणि माणसं सात झाल्यामुळे तिसरा पीएनआर लागतो. 9 वर्षांच्या मुलालाही बर्थसकट पूर्णच भाडं आहे. खर्चाच्या पानावर ‘हाफ तिकीट’ धरलं असेल तर हिशोब तिथेच चुकला. ज्येष्ठांची भाडेसवलतही मार्च 2020 पासून बंद आहे, जुन्या सहलीची पीपीटी कॉपी करताना ती ओळ काढून टाका.

दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे डबेही असू शकतात. त्यामुळे पानावर पीएनआरपेक्षा ठळक हवा तो डबा आणि बर्थ, प्रत्येकाच्या नावापुढे. बोर्डिंग स्टेशनही लिहा. तिकीट सीएसएमटीहून काढलंय आणि चढणार ठाण्याला, असं असेल तर आधीच ऑनलाइन बोर्डिंग ठाणे करून घ्या. नाहीतर टीसी बर्थ रिकामी समजून दुसऱ्याला देऊ शकतो. ऐरोलीहून येणारं जोडपं ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला 9 किंवा 10 नंबरवर उतरणार. तिथून सामानासकट पूल चढून मेल-एक्स्प्रेसच्या फलाटावर यायला रात्रीही पंधरा मिनिटं धरा. ‘10.40 पर्यंत ठाण्यात’ असं लिहिलं तर ते लोकलमधून 10.40 ला उतरतील. ‘10.40 ला फलाटावर’ असं लिहा.

पहाटे पोचायचं, खोली दुपारी

रात्रीच्या गाडीच्या प्रवासात ही चूक हमखास होते आणि पीपीटीत ती दिसत नाही, कारण कागदावर सगळं बरोबर असतं. शनिवारी सकाळी सोलापूरला उतरणं, शनिवारची खोली. पण लॉजचा चेक-इन दुपारी 12 चा असतो. नऊ माणसं सकाळी सात वाजता अंघोळीवाचून रिसेप्शनसमोर बसून राहतात आणि देवदर्शनाचा अर्धा दिवस तिथेच जातो.

यावर दोन मार्ग आहेत. एक खोली शुक्रवारच्या रात्रीपासून घ्यायची, म्हणजे सकाळी सगळ्यांना आळीपाळीने अंघोळी करता येतात. किंवा लॉजला फोन करून लवकर चेक-इनचे पैसे ठरवायचे आणि ते ज्यांनी कबूल केले त्यांचं नाव पानावर लिहायचं. ‘बघू, खोली रिकामी असली तर देऊ’ म्हणजे खोली मिळाली असं नाही, ते पीपीटीत हिरव्या रंगात टाकू नका.

परतीलाही हेच उलटं होतं. रविवारी सकाळी चेक-आउट, गाडी रात्री. मधले दहा-बारा तास बॅगा कुठे? भाड्याच्या गाडीत ठेवणार की स्टेशनच्या क्लोकरूममध्ये, ते लिहा. क्लोकरूममध्ये ठेवायच्या बॅगेला कुलूप लागतं, तेव्हा ‘3 छोटी कुलुपं’ सामानाच्या यादीत घाला. परतीच्या पानावर दोन तारखा हव्यात: सोलापूर सोडण्याची रविवारची आणि ठाण्यात उतरण्याची सोमवारची. फक्त रविवार लिहिलं तर सोमवारी सकाळी ऑफिस गाठायला कुणीतरी अडकणारच.

‘दर्शन: 1 तास’

सोलापूरहून अक्कलकोट साधारण 40 किलोमीटर, तुळजापूर 45, पंढरपूर 75. नकाशावर हे आकडे पाहून पहिल्या आराखड्यात हमखास असं येतं: शनिवारी सकाळी अक्कलकोट, दुपारी पंढरपूर, रात्री मुक्कामाला तुळजापूर. गाडीला हे जमेल, आजीला नाही. अक्कलकोट ते पंढरपूर सोलापूरवरूनच जायचं म्हणजे 115 किलोमीटरच्या आसपास, आणि वर पदस्पर्शाची रांग. ती किती तास चालेल हे घरी बसून कुणी सांगू शकत नाही. अशा सहलीत पंढरपूर एक तर वेगळा तिसरा दिवस देऊन करावं, नाहीतर सोडावं. पंढरपूरला जायचंच असेल तर पानावर आधीच ठरवा: अमुक वाजेपर्यंत रांगेत शिरलो नाही तर मुखदर्शन घेऊन निघायचं. हे तिथे उभं राहून ठरवायला गेलं की भांडण होतं, आणि ते देवळाच्या दारात.

वारही बघा. अक्कलकोटला गुरुवारी, तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला गर्दी जास्त, पंढरपुरात एकादशीला. मुद्दाम गुरुवारीच जायचं असेल तर जा, पण मग त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. दिवसाच्या पानावर दर पंधरा मिनिटांची वेळ लिहायची गरज नाही. न हलणाऱ्या दोन-तीन वेळा लिहा, जशी अभिषेकाची किंवा गाडी सुटण्याची, आणि खाली एक ओळ: ‘उशीर झाला तर हे गाळायचं’. वाटेत नळदुर्गचा किल्ला टाकला असेल तर गाळायच्या ओळीत तोच.

‘देवळाजवळ भेटू’

चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, याची जागा अर्धवट लिहिलेली असते. अक्कलकोटला ‘स्वामींच्या मंदिराजवळ’ म्हटलं तर वटवृक्ष मंदिर की समाधी मठ? दोन्ही वेगळ्या ठिकाणी आहेत. तुळजापूरला ‘महाद्वारापाशी’ म्हटलं तर राजे शहाजी महाद्वार की राजमाता जिजाऊ महाद्वार? एक जण एका दारात, दुसरा दुसऱ्या दारात, आणि दोघंही बरोबर. पूर्ण नाव लिहा, त्या दाराचा फोटो लावा. तुळजापूरला देऊळ पायऱ्या उतरून खाली आहे, परत वर चढायचं आहे, हेही त्याच पानावर हवं. गुडघेदुखीवाल्यांना खाली गेल्यावर सांगून उपयोग नाही.

आता फोन नंबर. मोबाईल बाहेर जमा करून देवळात गेलेल्या माणसाकडे पीपीटी नसते, आणि माणूस हरवतो तो नेमका तिथेच. म्हणून नंबरांचं पान कागदावर छापायचं, घडी करून प्रत्येकाच्या खिशात आणि छोट्या मुलीच्या फ्रॉकच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने. त्यावर सगळ्यात वर सोबतच्या दोघांचे नंबर, मग लॉजचं नाव आणि रिसेप्शन, ड्रायव्हरचं नाव व गाडीचा नंबर, आणि ठाण्यात घरी थांबलेल्या एकाचा नंबर. खाली 112, रुग्णवाहिकेसाठी 108, रेल्वेसाठी 139, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033. पंधरा नंबर भरले तर घाबरलेल्या माणसाला एकही सापडत नाही.

पीडीएफमधले नंबर टाइप केलेले हवेत. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो चिकटवला तर नंबर कॉपी होत नाही, दुसऱ्या फोनकडे बघत एकेक आकडा दाबावा लागतो. औषधांच्या पानावर गोळीचं फक्त ब्रँडचं नाव लिहू नका, खोक्यावरचं घटकद्रव्य आणि मिलिग्रॅमही उतरवा. परगावच्या मेडिकलमध्ये तो ब्रँड नसला तरी ते औषध मिळतं. उलट आधार कार्डांचे फोटो पीपीटीत अजिबात नकोत. ही फाइल मावशीकडून शेजारणीकडे कधी जाते ते कळतही नाही. गाडीत प्रत्येक पीएनआरवरच्या किमान एकाकडे मूळ ओळखपत्र लागतं, तेव्हा त्या पानावर फक्त ‘आजोबांचं आणि आत्याचं ओळखपत्र’ एवढं लिहा.

खोलीचे पैसे भरण्याआधी भक्तनिवासाची वेबसाइट खरी आहे का ते बघा. देवस्थानच्या नावाने खोट्या साइट चालतात. संस्थानच्या कार्यालयात फोन करून विचारा, आणि फसवणूक झालीच तर लगेच सायबर हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. बदल झाला की फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ टाका, `akkalkot-14-2130.pdf` असं, आणि पहिल्या पानावरही तेच. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ या नावांच्या दोन फाइली ग्रुपवर असतील तर आजोबा जुनीच उघडणार, कारण ती त्यांच्या फोनमध्ये आधीच डाउनलोड झालेली आहे.