मोजलेल्या पीएसएफने सूक्ष्मदर्शकाची चित्रं रेखीव कशी करावीत

पेशीतली मायक्रोट्यूब्यूल नावाची नळी जेमतेम 25 नॅनोमीटर जाडीची असते. फ्लुरोसन्ट सूक्ष्मदर्शकात मात्र ती 250 नॅनोमीटरची जाड दोरी दिसते, कारण प्रत्येक प्रकाशबिंदू भिंगातून जाताना पसरतो. हा पसरण्याचा नमुना म्हणजे पीएसएफ, अर्थात पॉइंट स्प्रेड फंक्शन. तो माहीत असला की गणिताने तो पसारा बराचसा आवरता येतो, आणि यालाच डीकन्व्होल्यूशन म्हणतात. सूत्रावरून काढलेला पीएसएफ सॉफ्टवेअर देतंच, पण तो निर्दोष भिंगाचा असतो. तुमच्या भिंगाचे, तेलाचे आणि काचेचे दोष फक्त मोजलेल्या पीएसएफमध्ये उतरतात. तो मोजायचा तर बिंदूएवढ्या चमकत्या मण्याचं चित्र घ्यायचं, म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ मण्यांच्या स्लाइडवर जातो.

उदाहरणाला साधा वाइडफील्ड सूक्ष्मदर्शक घेऊ: 100x, 1.4 एनएचा तेलाचा ऑब्जेक्टिव्ह, 6.5 मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा आणि हिरव्या रंगात रंगवलेल्या मायक्रोट्यूब्यूल. म्हणजे चित्रातला एक पिक्सेल 65 नॅनोमीटरचा.

मण्यांची स्लाइड. 100 नॅनोमीटरचे हिरवे फ्लुरोसन्ट मणी घ्या. ते भिंगाच्या पसरणीच्या साधारण निम्मेच असल्याने बिंदू म्हणून चालून जातात. गुठळ्या सुटाव्यात म्हणून बाटली काही मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवा, मग द्रावण भरपूर पातळ करा. एक थेंब 0.17 मिलिमीटरच्या कव्हरस्लिपवर वाळू द्या आणि पेशी ज्या माध्यमात बसवल्या आहेत त्याच माध्यमात ती कव्हरस्लिप उलटी बसवा. पेशी ग्लिसरॉलमध्ये आणि मणी पाण्यात, असं करू नका. अपवर्तनांक बदलला की पीएसएफही बदलतो.

मणी टिपणं. ऑब्जेक्टिव्ह, तेल, फिल्टर सगळं पेशीच्या वेळचंच हवं. खोलीत 200 नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी 41 थर घ्या, म्हणजे मण्याच्या वर-खाली चार-चार मायक्रॉन येतात. एक्सपोजर वाढवलं तरी हरकत नाही, पण सर्वांत उजळ पिक्सेल कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेला टेकता कामा नये.

आता चित्र बाजूने, म्हणजे उभ्या छेदात पाहा. निरोगी पीएसएफ वर-खाली सारखा, डमरूसारखा दिसतो. वलयं एकाच बाजूला पसरलेली असतील तर तो गोलीय विपथनाचा दोष. अशा वेळी थोड्या वेगळ्या अपवर्तनांकाचं तेल लावून पुन्हा मोजा, आणि पेशींसाठीही मग तेच तेल वापरा. आडव्या छेदात मण्याची रुंदी, निम्म्या उजेडाच्या पातळीवर, 200 ते 250 नॅनोमीटर यायला हवी. 300 च्या वर गेली तर पुढे जाऊ नका.

मणी निवडणं. इथे मी एकदा सपशेल फसले. सगळ्यांत उजळ मणी निवडला, आणि तो निघाला एकमेकांना चिकटलेल्या दोन मण्यांचा. निकालात एकाच दिशेच्या नळ्या विलक्षण बारीक झाल्या आणि त्यांच्या कडेला काळे चर पडले. तेव्हापासून आधी दहा-बारा मण्यांचा उजेड मोजते. बहुतेकांचा आकडा जवळपास सारखा येतो, आणि ज्याचा दुप्पट येतो तो जोडमणी. आजूबाजूला दुसरा मणी नसलेले पाच-सहा एकटे मणी घ्या, त्यांचे केंद्र जुळवून सरासरी काढा, पार्श्वभूमी वजा करा आणि मणी चित्राच्या बरोबर मध्यावर ठेवा.

गणित चालवणं. पेशीचे थरही 200 नॅनोमीटरनेच घ्या, पेशीच्या वर-खाली दीड-दोन मायक्रॉन जास्तीचे. कॅमेऱ्याची पार्श्वभूमी वजा करून 32 बिटच्या टिफमध्ये साठवा, जेपेगमध्ये कधीच नाही. फिजी या चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये DeconvolutionLab2 हे प्लगइन असेल तर रिचर्डसन-लूसी पद्धतीसाठी एवढा मॅक्रो पुरतो:

```
img = " -image file /data/cell.tif";
psf = " -psf file /data/psf.tif";
alg = " -algorithm RL 15";
run("DeconvolutionLab2 Run", img + psf + alg);
```

15 म्हणजे आवर्तनं. 5, 15 आणि 50 अशी तिन्ही चालवून शेजारी ठेवा. पाचला नळी थोडी सावरते, पंधराला रेखीव होते. पन्नासला तीच नळी माळेसारखी ठिपक्या-ठिपक्यांची दिसू लागते. ते ठिपके पेशीतले नसून कॅमेऱ्याचा नॉइज फुगलेला असतो. ते दिसायला लागण्याआधीचा आकडा तुमचा.

निकाल तपासणं. सरासरीत न घेतलेला एखादा मणी याच आवर्तनांनी चालवा. तो एका लहान गोल ठिपक्यात आवळला जायला हवा. लांबट झाला किंवा भोवती कडी उमटली, तर दोष पीएसएफमध्ये आहे. मग एका जाड दोरीच्या दोन नळ्या झाल्या असतील तिथे आडवी रेघ ओढून उजेडाचा आलेख पाहा. त्याच जागेचे सगळे थर पुन्हा घेऊन चालवल्यावरही मधली दरी तिथेच आली, तरच दोन नळ्या म्हणा.

कव्हरस्लिपला चिकटलेल्या मण्यांचा पीएसएफ काचेजवळच्या काही मायक्रॉनपुरताच खरा असतो. तेलाच्या भिंगाने खोल ऊतक पाहिलं की विपथन खोलीबरोबर वाढत जातं. तिथे मणी त्या खोलीवर जेलमध्ये बसवून वेगळे मोजावे लागतात.