बार चार्टमधले आकडे: वाचलेले कुठले, अंदाजाचे कुठले

जुन्या अहवालांतले बार चार्ट एआय मॉडेलकडून वाचून घेऊन तक्त्यात भरायचे, हे काम नव्याने डेटाकडे वळलेल्यांच्या वाट्याला हल्ली बरंच येतं. चित्र दिलं की मॉडेल झटक्यात तक्ता देतं आणि तो इतका नीटनेटका असतो की शंकाच येत नाही. गोम तिथेच आहे.

एक उदाहरण घेऊ. सहा स्तंभ, उभ्या अक्षावर 0 ते 100, दर 20 ला आडवी रेषा. दोनच स्तंभांच्या डोक्यावर आकडे छापलेत, 72 आणि 38. मॉडेलने सहाही किमती दिल्या आणि त्यात तिसऱ्या स्तंभाची होती 52.4. वीस-वीसच्या रेषांमधून दशांश आला कुठून? 72 वाचलेला आहे, 52.4 अंदाजाचा आहे, पण तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून मी नुसत्या किमती मागत नाही. प्रत्येक स्तंभासाठी तीन गोष्टी मागतो: आकडा चित्रात छापलेला आहे का, नसेल तर स्तंभाचं टोक कोणत्या दोन रेषांच्या मध्ये आहे, आणि त्यावरून किंमत साधारण किती ते किती. तिसऱ्या स्तंभाला मग "40 आणि 60 च्या मध्ये, 45 ते 55" असं उत्तर येतं. दिसायला ओबडधोबड, पण वापरण्याजोगं.

मात्र "छापलेला आहे" असं मॉडेल म्हणतंय म्हणून तो छापलेलाच असेल असं नाही. ते लेबलही त्यानेच लिहिलेलं असतं. त्यामुळे 72 हा आकडा चित्रात पांढऱ्या चौकोनाने झाकायचा आणि नव्या संवादात तेच विचारायचं. झाकूनही "72, छापलेला" असं उत्तर आलं, तर त्या रकान्यावर भरवसा ठेवू नका. चार्टचा विषय प्रसिद्ध असेल तर शीर्षकही झाका, नाहीतर मॉडेल आठवणीतले आकडे भरू शकतं. तोच प्रश्न दोन-तीनदा वेगळा विचारला की अंदाजाचे आकडे बहुधा हलतात. मात्र न हललेला आकडा बरोबरच असतो असं नाही, कारण एकच चूक पुन्हापुन्हा होऊ शकते.

शंका उरली तर हाताने मोजणं सर्वांत सोपं. बहुतेक चित्र-संपादकांत कर्सर ठेवला की पिक्सेलचं स्थान दिसतं. त्यातला y वरून खाली मोजला जातो. इथे 40 ची रेषा y = 300 वर, 60 ची y = 200 वर आणि स्तंभाचं टोक y = 265 वर होतं:

```
40 + 20 * (300 - 265) / (300 - 200) = 47
```

म्हणजे मॉडेलचा 52.4 पाचाहून जास्त चुकला होता. एका पिक्सेलला इथे 0.2 एकक पडतात, तेव्हा आपणही 47 च लिहावं, 47.00 नाही. अक्ष लॉग प्रमाणाचा असेल तर हे सूत्र चालत नाही. तिरप्या फोटोवरही नाही, आधी तो सरळ करून घ्यावा लागतो.

तक्त्यात शेवटी मी "स्रोत" नावाचा रकाना ठेवतो आणि त्यात तीनच शब्द येतात: छापील, मोजलेला, अंदाज. बेरीज-सरासरी काढताना "अंदाज" वाल्या ओळी वेगळ्या काढता येतात, आणि पुढे कुणी विचारलं तर कुठला आकडा कुठून आला हे तिथल्या तिथे दाखवता येतं.